बाहेरचं शूटिंग आणि पटकथेतच लिहिलेला पर्याय : नागपूर परिसरात शूट करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघुपट, वेब-फिल्म किंवा कमी दिवसांचं कुठलंही शूट करणारी मंडळी आम्हाला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बरीचशी उत्तरं एकाच उदाहरणाभोवती फिरतात. कळमेश्वरकडच्या एका संत्र्याच्या बागेत आम्ही सहा दिवसांचा लघुपट केला, २४ ते २९ सप्टेंबर. पटकथा ३१ पानांची होती, सीन २६ आणि त्यातले ११ बाहेरचे. गोष्ट बापलेकीची. बाप जुनी बाग तोडायला निघालाय आणि हे त्याने लेकीला सांगितलेलं नाही.

पाऊस आला तर थांबायचं, थांबला की सुरू करायचं. वेगळा आराखडा कशाला हवा?

पावसाने तुमचे दोन तास जातात, चिखलाने दोन दिवस. नागपूरच्या आसपासची बरीचशी शेती कापसाच्या काळ्या जमिनीवर आहे. ही माती पाणी पिते, फुगते आणि चाकाला अशी चिकटते की जनरेटरची गाडी सोडाच, रिकामा टेम्पोही जागचा हलत नाही. पाऊस सकाळी सहाला थांबला आणि लख्ख ऊन पडलं, तरी त्या दिवशी बागेत गाडी जाईलच असं नाही.

शिवाय माती रंग बदलते. कोरडी असताना ती राखाडी दिसते, भेगा पडलेल्या असतात. भिजली की काळी कुळकुळीत होते. काल कोरड्या मातीवर अर्धा सीन घेतला असेल आणि आज भिजलेल्या मातीवर उरलेला घेतलात, तर दोन्ही तुकडे शेजारी ठेवल्यावर कुणालाही कळतं की हे दोन वेगळे दिवस आहेत. रंग दुरुस्त करणारा माणूस आभाळ सांभाळून घेईल, भेगा कुठून आणणार?

म्हणून ‘थांबू थोडा वेळ’ हा आराखडा होत नाही. त्या दिवशी, त्याच माणसांना घेऊन, दुसऱ्या जागी काय शूट करायचं हे आधी लिहिलेलं असावं लागतं.

हे काम प्रॉडक्शनचं ना? लेखकाने यात का पडावं?

प्रॉडक्शनवाले जागा शोधतील, गाडी वळवतील, जेवण दुसरीकडे पोचवतील. पण बागेतला सीन घरात आणायचा तर त्यातलं काय टिकायला हवं आणि काय गेलं तरी चालेल, हे ज्याने लिहिलं त्यालाच माहीत असतं. लेखकाने हे आधी केलं नाही, तर ते काम पहाटे साडेपाचला टपरीवर पोहे खात सहायक दिग्दर्शक करतो. मग तो संवाद तसेच ठेवतो, फक्त जागा बदलतो, आणि ‘हे झाड बघ’ असं बाप स्वयंपाकघरात उभा राहून म्हणतो. ही गंमत नाही. एका शूटवर हे मी स्वतः ऐकलंय.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरलेला असतो ना?

ओसरायला लागलेला असतो, गेलेला नसतो. विदर्भातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निरोप घेतो. जाता जाता जो पडतो तो दुपारनंतर, ढगांच्या गडगडाटासह, थोडक्या जागेत आणि जोरात. नागपूरकरांना २०२३ सालची २३ सप्टेंबरची पहाट आठवत असेल. काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. तारखा ठरवताना ‘गणपती गेले, आता पाऊस गेला’ हा हिशोब धरू नका.

मग आम्ही त्याच आठवड्यात शूट का ठेवलं? आंबिया बहराची फळं तेव्हा झाडावर असतात आणि हिरवी असली तरी भरलेली दिसतात. पुढे तोड सुरू झाली की बाग मोकळी व्हायला लागते. फळांनी लगडलेली बाग तोडली जाणार, हीच गोष्ट होती. म्हणून पावसाचा धोका आम्ही जाणूनबुजून घेतला आणि त्याची किंमत पटकथेत मोजली.

बाहेरच्या प्रत्येक सीनला पर्याय लिहायचा का?

नाही. तेवढा वेळ कुणालाच नसतो आणि गरजही नसते. अकरा सीनपैकी आम्ही फक्त चारांना पर्याय लिहिले. कसोटी साधी होती. हा सीन गाळला तर गोष्ट कळेल का? कळत असेल तर पर्याय लिहायचा नाही, समासात ‘गळेल’ एवढं लिहून मोकळं व्हायचं. मुलगी एसटीतून उतरते, बांधावरून चालत येते, असे तीन सीन त्यात गेले. उरलेल्यांपैकी काही इतके छोटे होते की पंधरा मिनिटांच्या उघडिपीत कुठल्याही दिवशी उरकता येतील. चार मात्र असे होते की ते नसतील तर चित्रपट उभाच राहत नाही.

‘गळेल’ हा शब्द दिग्दर्शकाने शूटच्या आधी, डोकं थंड असताना मान्य केलेला असावा. चिखलात उभं राहून कुणी स्वतःचा लाडका सीन गाळत नाही.

पर्याय लिहायला सुरुवात कुठून करायची?

सीनचं काम एका वाक्यात लिहा. जागा नको, संवाद नको, फक्त काम.

आमचा सीन १४ असा होता. बाग, दुपार. मुलीच्या जन्माच्या वर्षी लावलेलं झाड ती शोधत जाते. बुंध्यावर गेरूची लाल फुली दिसते. शेजारच्या झाडावरही. पुढच्याही. तोडायच्या झाडांवरच्या त्या खुणा आहेत हे तिला उमगतं. मागे बाप उभा असतो. सव्वादोन पानं.

या सीनचं काम आम्ही असं लिहिलं : ‘बाग तुटणार हे मुलीला कुणी न सांगता, स्वतःच्या डोळ्यांनी कळतं, आणि तिला कळलंय हे बापाला कळतं.’

या वाक्यात झाड नाही, हे लक्षात घ्या. पहिल्या खर्ड्यात आम्ही पर्याय म्हणून घराच्या पडवीत मुलीला सौद्याचा कागद सापडतो असं लिहिलं होतं. जागा आत आली, पण काम बिघडलं. कागद म्हणजे सांगणंच झालं, फक्त तोंडाऐवजी अक्षरांनी. दुसऱ्या खर्ड्यात आम्ही फुली सोडली आणि गेरू धरून ठेवला. तो सीन असा झाला :

सीन १४प. आत. कोठा. दिवस. बाहेर पाऊस किंवा ढगाळ.

बाप चुलीवरचा चहा दोन स्टीलच्या पेल्यांत ओततो. एक पेला मुलीपुढे ठेवतो. ती उचलते. पेल्यावर लाल बोटांचे ठसे.
ती त्याच्या हातांकडे बघते. नखांत गेरू.
कोपऱ्यात पोत्याखाली काहीतरी लांबट. पोत्याबाहेर करवतीचं पातं.
मुलगी : किती?
बाप चहा फुंकत राहतो.
बाप : तुझं धरून एकशे बारा.

दीड पान. मूळ सीनपेक्षा छोटा, आणि ‘बाहेर पाऊस किंवा ढगाळ’ हे शब्द मुद्दाम टाकलेले. त्यामुळे दाराबाहेर जे काही असेल ते चालतं. पर्यायी सीनमध्ये हवामान एकाच प्रकारचं मागू नका, नाहीतर पर्यायालाच पर्याय लागेल.

पाऊस पडतोच आहे, तर सीन पावसातच घेतला तर? दिसतोही छान.

हा मोह प्रत्येकाला होतो. अडचण अशी की पाऊस तुमच्या मर्जीने सुरू राहत नाही. तीन शॉट झाले आणि थांबला, की उरलेल्या पाच शॉटसाठी टँकर आणि पाइप मागवावा लागतो, आणि तो पाऊस कालच्यासारखा दिसत नाही. खरा पाऊस कॅमेऱ्यात दिसतोच असंही नाही. मागून उजेड नसेल तर थेंब उमटत नाहीत, नुसतं करडं धुकट चित्र येतं आणि नट भिजलेले दिसतात. शिवाय कपडे. प्रत्येक भिजणाऱ्या नटाला त्याच कपड्यांचे किमान तीन जोड लागतात.

सगळा सीन एका शॉटमध्ये होत असेल आणि संवाद नसतील किंवा एखाददुसरा असेल, तर पावसात जरूर घ्या. त्याहून मोठा असेल तर माझा सल्ला नाही असाच आहे.

एक सीन बदलला तर पुढच्या सीनचं काय?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पर्यायी सीन एकटा येत नाही, तो पुढच्या पानांना धक्के देत जातो.

आमच्या पटकथेत १४ च्या ऐवजी १४प घेतला, तर फुली प्रेक्षकाने पाहिलेलीच नसते. पण सीन १७ मध्ये मुलगी ओल्या फडक्याने तीच फुली पुसते. आणि सीन २१ मध्ये भांडताना ती म्हणते, ‘फुली दिसली तेव्हाच कळलं होतं मला.’ म्हणजे एका पर्यायाने दोन सीन लंगडे झाले.

आम्ही दोन वेगळे उपाय केले. सीन २१ मधला संवाद कायमचाच बदलून टाकला : ‘कळलं होतं मला. त्याच दिवशी.’ हा दोन्ही वाटांना चालतो, त्यामुळे २१ ला पर्यायाची गरजच उरली नाही. जिथे जमेल तिथे असंच करा. बदल सोसणारा संवाद आधीच लिहिला की पुढची पानं कमी हलतात. सीन १७ ला मात्र खराखुरा पर्याय लागला. १७प मध्ये ती आधी फुली शोधते, झाडामागून झाड बघत जाते, आपल्या झाडाशी थांबते आणि मग पुसते. आठ-दहा सेकंद वाढले, बस.

पटकथेच्या शेवटी आम्ही एक पान जोडलं होतं, हाताने लिहिलेलं. ‘१४प घेतला तर : १७ नको, १७प. २१ तसाच. गेरू बापाच्या नखांत सीन १६ पर्यंत.’ कंटिन्युइटी बघणाऱ्या मुलीने ते पान बोर्डाला क्लिप लावून ठेवलं आणि बाकी कशापेक्षा तेच जास्त वापरलं गेलं.

पर्यायी सीनला नंबर कसा द्यायचा? १४अ चालेल का?

१४अ टाळा. १४ आणि १५ च्या मध्ये नंतर घातलेला सीन असा त्याचा अर्थ रूढ आहे. क्लॅपवर १४अ दिसलं की संकलक तो १४ नंतर जोडतो. ‘ऐवजी’ आणि ‘नंतर’ यांतला फरक नंबरातच दिसायला हवा. आम्ही ‘प’ लावतो. दुसरं अक्षर घेतलंत तरी हरकत नाही, मात्र पटकथा, कॉलशीट, क्लॅप आणि साउंडच्या नोंदी, चारही ठिकाणी तेच असू द्या. पर्यायी पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर छापली की सेटवर कुणाच्या हातात काय आहे ते लांबूनही कळतं.

कव्हर सेट, म्हणजे पर्यायी सीनची आतली जागा, कशी निवडायची?

पहिला प्रश्न रस्त्याचा. आमच्या बागेत मधोमध एक सुंदर जुना कोठा होता, दगडी भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन. सगळ्यांना तोच हवा होता. पण तिथे जायला नाल्यावरून जाणारी तीच कच्ची वाट. बागेत जाता येणार नाही त्या दिवशी त्या कोठ्यातही जाता येणार नाही, मग तो कव्हर सेट कसला? आम्ही डांबरी रस्त्याला लागून असलेला शेजाऱ्याचा कोठा घेतला. दिसायला डावा, पण जनरेटर दारात उभा राहतो.

दुसरा प्रश्न छपराचा. सेटवरच संवाद रेकॉर्ड करणार असाल तर टिनाचं छप्पर म्हणजे फसवणूक आहे. पाऊस पडायला लागला की तुमचा कव्हर सेट ताशाच्या पथकासारखा वाजतो. ज्या दिवसासाठी जागा घेतली, नेमका त्याच दिवशी तिचा उपयोग नाही. कवेलूचं छप्पर पावसाचा आवाज बराच मवाळ करतं. टिनच वाट्याला आलं तर वर पोती आणि वाळलेलं गवत पसरतात, त्याने जोराचा पाऊस नाही पण रिमझिम निभते. १४प मध्ये संवाद दोनच ओळींचे का, हे आता ध्यानात आलं असेल. नंतर डब करायची वेळ आली तरी दोन ओळीच करायच्या.

तिसरं म्हणजे जागा सहाही दिवस तुमच्या नावावर असायला हवी. ‘लागली तर सांगतो’ असं ठेवलं तर नेमकी त्या पहाटे तिथे सोयाबीनची पोती भरलेली सापडतात. आम्ही कोठा रोज राखून ठेवण्याचे थोडे पैसे आधीच दिले, आणि चूल, पेले, पोतं, करवत असं सगळं पहिल्याच दिवशी तिथे लावून ठेवलं.

वेळापत्रक कसं मांडायचं?

बाहेरचं आधी, आतलं मागे. सोयीचं म्हणून घरातले सीन पहिल्या दोन दिवसांत उरकून टाकणं ही नेहमीची चूक. मग चौथ्या दिवशी पाऊस आला की घालायला काहीच शिल्लक नसतं. आतले सीन हा तुमचा साठा आहे, तो शेवटपर्यंत पुरवून वापरा. आम्ही बागेचे सीन पहिल्या तीन दिवसांत ठेवले, चौथा दिवस गावातल्या रस्त्यांचा, आणि नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरातले सीन पाचव्या-सहाव्या दिवशी.

पण इथे एक मेख आहे. आतला कुठलाही सीन कुठल्याही दिवशी चालत नाही, कारण त्या दिवशी ते नट हजर असायला हवेत. आमच्या महालातल्या घराच्या सीनमध्ये आई होती आणि आईची भूमिका करणाऱ्या बाई पाचव्या दिवशी पुण्याहून येणार होत्या. म्हणजे बागेच्या दिवसांना ते घर कव्हर सेट म्हणून निरुपयोगी. बागेच्या दिवसांचा पर्याय बाप आणि मुलगी एवढ्या दोघांतच बसवणं भाग होतं. १४प कोठ्यात आणि दोघांपुरता लिहिला गेला तो यामुळे. पटकथा आणि वेळापत्रक शेजारी ठेवून लिहा म्हणतो ते याच अर्थाने.

पानांचा हिशोब कसा जुळवायचा?

पटकथेचं पान आठ भागांत मोजायची जुनी पद्धत आहे, तीच वापरा. दुसऱ्या दिवशी बागेत सीन १४ (२ पानं २ भाग) आणि सीन १७ (६ भाग), मिळून ३ पानं होती. पर्यायी दिवसात १४प (१ पान ४ भाग) आणि कोठ्यातलाच सीन १६ (१ पान ३ भाग), मिळून २ पानं ७ भाग. सीन १६ मुळात तिसऱ्या दिवसाचा होता. तो पुढे ओढल्याने तिसऱ्या दिवशी जागा झाली, तिथे १७प बसला.

पर्यायी दिवस मूळ दिवसापेक्षा जड करू नका. जागा बदलण्यात, गाड्या वळवण्यात सकाळचा दीड-दोन तास जातोच.

निर्णय कधी घ्यायचा आणि कुणी?

आम्ही दोन वेळा ठरवल्या होत्या : आदल्या रात्री आठ आणि पहाटे पाच. रात्री आठला हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघायचा. खात्याचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच, सोनेगावला आहे, आणि त्याचा अंदाज, रडारची चित्रं आणि पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो. पिवळ्या इशाऱ्याला आम्ही शूट हलवत नाही. तो पावसाळ्यात वरचेवर येतो, त्याला घाबरलात तर काहीच होणार नाही. नारिंगी आला की रात्रीच पर्यायी कॉलशीट.

मात्र जिल्ह्याचा अंदाज म्हणजे तुमच्या बागेचा अंदाज नव्हे. धरमपेठेत कोरडं ठणठणीत आणि कळमेश्वरला धो धो, असं सर्रास होतं. म्हणून पहाटे पाचचा फोन बागेच्या राखणदाराला. त्याला ‘पाऊस आहे का’ असं विचारू नका, ‘वाट कशी आहे’ ते विचारा.

निर्णय एकाचाच. आमच्याकडे तो पहिल्या सहायक दिग्दर्शकाचा होता, दिग्दर्शकाचा नव्हे, कारण दिग्दर्शक नेहमी ‘अजून अर्धा तास बघू’ म्हणतो. आणि पाचला ठरलं की जेवणापर्यंत फिरवायचं नाही. साडेसहाला ऊन पडलं म्हणून पुन्हा बागेकडे निघालात, तर दोन्ही जागी काही होत नाही.

प्रत्यक्षात त्या दुसऱ्या दिवशी काय झालं?

पहिला दिवस कोरडा गेला. रात्री आठला पिवळा इशारा होता, म्हणून बागेचीच कॉलशीट गेली, खाली पर्यायी दिवसाच्या चार ओळींसह. रात्री अकराला विजा सुरू झाल्या. पहाटे पाचला राखणदाराचं उत्तर आलं : ‘पाऊस थांबला भाऊ, पण गाडी नका आनू. नाल्यापाशी गिट्टी वाहून गेली, फसान.’ पाच वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांना एकच संदेश गेला : ‘आज पर्यायी दिवस. कोठा. १४प, मग १६.’

आठला आम्ही कोठ्यात होतो. पहिला शॉट नऊला. मधे दोनदा सर आली, दोनदा ऊन पडलं. दाराला आम्ही आधीच पातळ पांढरं कापड लावलं होतं, त्यामुळे आत फरक जाणवला नाही. सीन १६ रात्रीचा होता, तो दार-खिडक्यांवर काळं कापड टाकून दुपारी घेतला.

चूक एक झाली. बापाच्या नखांतला गेरू जेवणाच्या वेळी धुतला गेला. झणझणीत रस्सा हाताने खाल्ल्यावर हात धुणार नाही असा माणूस नाही. त्या शेवटच्या पानावरची ओळ कंटिन्युइटीवालीने वाचली आणि १६ च्या आधी गेरू पुन्हा लावला. नाहीतर तो सीन गेरूशिवाय गेला असता आणि संकलनाच्या टेबलावरच कळलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाट थोडी वाळली. जनरेटर बाहेरच ठेवून, कॅमेरा आणि रिफ्लेक्टर बैलबंडीतून आत नेऊन १७प घेतला. माती काळी होती, पण १४ घेतलेलाच नसल्यामुळे ती कशाशीही जुळवावी लागली नाही.

कॉलशीटवर दोन्ही योजना छापल्या तर नट गोंधळत नाहीत का?

दोन्ही पूर्ण छापल्या तर गोंधळतात. मूळ दिवस नेहमीसारखा छापा आणि खाली ‘पर्यायी दिवस’ म्हणून सीन नंबर, जागा, कपडे आणि पोचायची वेळ एवढंच. पर्यायी सीनचे संवाद मात्र नटांना आठवडाभर आधी द्या, वाचनही करून घ्या. पहाटे हातात आलेलं पान नट पाठ करू शकतो, पण पेल्यावरच्या ठशांकडे किती वेळ बघायचं हे त्याला तालमीशिवाय सापडत नाही.

पाऊस नाही, नुसता ऊन-ढगांचा खेळ चालू आहे. तेव्हा?

याला पर्यायी सीन लागत नाही, शॉटचा क्रम बदलला की पुरतं. ऊन असताना आधी लांबचे, जागा दाखवणारे शॉट घ्या. जवळचे शॉट स्किमरखाली, म्हणजे ऊन गाळणाऱ्या कापडी चौकटीखाली, दिव्याने किंवा रिफ्लेक्टरने उन्हासारखे करता येतात. पाच एकरांवर ऊन पाडायचं सामान कुणाकडेच नसतं. वारा सुटला तर मोठ्या चौकटीचा स्किमर आधी खाली उतरवा. तो शिडासारखा उडतो आणि माणसांवर पडतो.

विजा चमकत असतील तर किती वेळ थांबायचं?

चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर काम बंद, क्रेन आणि उंच स्टँड खाली, माणसं पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. झाडाखाली कुणीही थांबायचं नाही, आणि बागेत सगळ्यांचे पाय झाडाखालीच वळतात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय परतायचं नाही. इथे वेळापत्रकाचं कुणी ऐकायचं नाही.

मे महिन्यात पावसाची कटकट नाही. तेव्हा शूट केलं तर?

तेव्हा पारा ४५ च्या आसपास असतो. पर्यायी सीन लागतोच, फक्त कारण बदलतं. अकरा ते चार बाहेर काम ठेवू नका, सकाळी साडेपाच ते अकरा आणि चार ते सात असे दोन तुकडे करा आणि मधली दुपार आतल्या सीनला द्या. कूलर चालू असताना संवाद रेकॉर्ड होत नाहीत, आणि कूलर बंद केला की दहा मिनिटांत नटांचा मेकअप वाहतो. त्यामुळे दुपारचे सीन छोट्या शॉटचे लिहा.

हवामान सोडून आणखी कशासाठी पर्याय ठेवावा?

नागपुरात कॅलेंडरसाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, तेव्हा महाल-इतवारीत गाडी शिरत नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, त्याच्या आगेमागे त्या बाजूचे रस्ते आणि शहरातली हॉटेलं धरू नका. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सभोवती बंदोबस्त असतो. हे सगळं आधी माहीत असतं, म्हणून त्यासाठी पर्यायी सीन लिहीत बसण्यापेक्षा तारीख हलवा. परवानगीच्या अर्जात मात्र एकच तारीख टाकू नका. पुढचे दोन राखीव दिवसही त्याच अर्जात मागा.

पर्यायी सीन घेतला, मग पुढे ऊन पडलं. मूळ सीनही घेऊन ठेवावा का?

आमच्या दिग्दर्शकाला घ्यायचा होता. चौथ्या दिवशी दुपारी तीन तास मोकळे मिळत होते. पण १४ घेतला असता तर फुलीशी जुळणारा १७ ही पुन्हा घ्यावा लागला असता, आणि मातीच्या भेगा बुजलेल्या होत्या. त्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं बसून १४प चं फुटेज पाहिलं. पेला उचलताना मुलीचा अंगठा नेमका बापाच्या अंगठ्याच्या ठशावर पडला होता. हे कुणी लिहिलं नव्हतं. दिग्दर्शकाने पटकथेतली १४ ची पानं दुमडून मागे घातली, आणि मोकळ्या तीन तासांत आम्ही ‘गळेल’ लिहिलेला बांधावरचा सीन घेतला.